डीपी उडाली

शनिवारी रात्री नऊ वाजून सदतीस मिनिटांनी वाड्याच्या दिवाणखान्यात सगळे संशयित ओळीनं उभे राहिले. इन्स्पेक्टरनं पाठीमागं बांधलेले हात सोडले, उजवा हात वर केला, बोट काढलं आणि लाईट गेली.

शिवाजी पेठेतल्या त्या कौलारू घरात दोनेक सेकंद नुसता पाऊस ऐकू आला. मग रणजित ओरडला.

"आरं, आत्ताच जायाची हुती व्हय!"

"बोट कुणाकडं होतं? तू बघितलास?" पल्लवीनं अंधारातच त्याचा दंड धरला.

"मुनीमाकडं."

"मुनीम डावीकडं उभा होता खुळ्या! बोट उजवीकडं वळालंतं. डॉक्टरकडं."

तेवढ्यात काडी ओढल्याचा आवाज आला. आज्जीनं वाटीत मेणबत्ती उभी केली आणि ती टीव्हीच्या पुढ्यात, जिथं एवढा वेळ इन्स्पेक्टर होता, तिथं ठेवली. आपल्या जागेवर जाऊन, पाय पोटाशी घेऊन बसली. काय गेलं, कुणी घालवलं, एक शब्द नाही.

"डीपी उडाली," रणजितनं जाहीर केलं. "पावसात आसंच. न्हाईतर जंपर तुटला आसंल खांबावरचा. तासभर तरी बघायला नको."

रणजित आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. शिरोलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला लागून त्याला दोन वर्षं झाली होती. त्यामुळं घराण्यात कुठंही बल्ब गेला तरी शेवटचा शब्द त्याचा. तो शब्द त्यानं खाटेवर लोळतच दिला आणि कुणी उठलं नाही. त्याच्या मोबाईलला सहा टक्के चार्जिंग होतं. पल्लवीच्या मोबाईलला होतं, पण अ‍ॅपचं रिचार्ज गेल्या महिन्यात संपलेलं. शिवाय पैज लागली होती. दोघांपैकी कुणी मोबाईलवर शोधायचं नाही, जे काय ते टीव्हीवर, आज्जीसमोर. हरलेल्यानं रंकाळ्यावर भेळ घालायची, आणि वर जिंकलेला सांगेल ते.

तेरा शनिवार हे असं चाललं होतं. पल्लवी आज्जीची लेकाकडची नात, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. रणजित लेकीकडचा नातू. एकमेकांच्या पाठीवर आठ महिन्यांचं अंतर, त्यामुळं दादा-ताईची भानगड कधी झालीच नाही. ती त्याला रंज्या म्हणते, तो तिला पले. पूर्वी आज्जीकडं ती दिवाळीला यायची आणि आषाढात टेंबलाईच्या जत्रेला, मटणाच्या वासानं. ही मालिका लागली आणि रणजितच्या घरचा टीव्ही नेमका त्याच आठवड्यात बिघडला. तेव्हापासून दर शनिवारी साडेआठला दारात दोन गाड्या.

"हे बघ," पल्लवीनं मांडी ठोकली. "म्हाताऱ्या इनामदाराला दुधातनं काय घातलं? डॉक्टर म्हणाला, धोतरा. पंचनाम्यातबी धोतराच आला. बरोबर?"

"बरोबर."

"तिसऱ्या भागात तोच डॉक्टर म्हाताऱ्याच्या डोळ्यात बॅटरी मारतो. जवळनं दाखवलंय. बाहुल्या कशा होत्या?"

"मी काय बाहुल्या बघत बसलो न्हाई."

"मी बघितलो. टाचणीच्या टोकाएवढ्या."

(कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. इथली पोरगी 'मी बघितलो', 'मी आलो' असंच म्हणते. पुण्यात हॉस्टेलला गेली की पहिल्या आठवड्यात तिला त्यावरनं हसतात आणि ती हसणाऱ्यांना पुरून उरते.)

"धोतऱ्यानं बाहुली मोठी होती रे. तोंड कोरडं पडतंय, अंग तापतंय, माणूस बरळतो, हवेतनं काहीतरी वेचायला बघतो. आणि हा म्हातारा? तोंडातनं फेस, अंग घामानं चिंब, बाहुल्या बारीक. हा धोतरा न्हवं, हे उसावर मारायचं औषध. कॅज्युअल्टीत ड्यूटी लागली की महिन्याला दोन-चार बघतोय आम्ही. पहिल्यांदा बाहुलीच बघायची असती. जे मला तिसऱ्या वर्षाला कळतंय ते त्या डॉक्टरला कळत न्हाई? कळतंय. म्हणून तर त्यानं धोतरा सांगटलं. परड्यात धोतरा कुणी लावला? थोरल्या सुनेनं. म्हणजे संशय कुणावर?"

"डॉक्टरला कळत आसंल," रणजित शांतपणे म्हणाला. "डायरेक्टरला कळत नसंल."

हे पल्लवीला लागलं. कारण ती शंका तिलाही होती. तेरा भागांत दहा वेळा वीज चमकवणाऱ्या आणि प्रत्येकाचा हात काळ्या हातमोज्यात दाखवणाऱ्या माणसावर बाहुल्यांच्या बाबतीत किती विश्वास टाकायचा? पण रहस्यकथेत एवढं मानून चालावंच लागतं, नाहीतर भांडायला काही उरत नाही.

"मग तुझा मुनीम कशावरनं?"

"थांब." रणजित उठून बसला. त्याची सावली भिंतीवर आढ्यापर्यंत गेली. "खुनाच्या रात्री वाड्यातली लाईट जाती. सगळी म्हणत्यात, फ्यूज गेला. इन्स्पेक्टरबी मानतो. पण इनामदाराच्या खोलीच्या खिडकीतनं रस्त्यावरचा दिवा दिसतोय. चालू. म्हणजे लायनीला करंट हाय, वाड्यात न्हाई."

"मग फ्यूजच गेला की."

"फ्यूज गेला तर कुणीतरी तार घालाय नको? कोण घातलं? कुणीच न्हाई. पहाटं बाई देवघरात जाती तवा दिवा चालू. फ्यूज आपला आपण जोडत न्हाई, पले. कुणीतरी मेन पाडला, अंधारात काम उरकलं, आन् परत चढवला. मीटरच्या खोलीची किल्ली कुणाच्या कमरंला?"

"मुनीमाच्या," आज्जी म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं. आज्जीला झोप लागली असं ते धरून चालले होते.

"आज्जी, तुला काय वाटतंय? कोण आसंल?"

"मारणारं घरातलंच असतंय," आज्जी म्हणाली. "बाहेरच्याला एवढं पडलेलं नसतंय."

"हे काय उत्तर हाय?"

"दूध घ्या कपात. तापवून ठेवलंय."

पुढची वीस मिनिटं जे झालं त्याला वाद म्हणायचा तर म्हणा. रणजितनं डॉक्टरला सोडवलं, पल्लवीनं मुनीमाला. मधेच तो थोरल्या सुनेकडं वळला आणि ती म्हणाली, अशी कोलांटी मारलीस तर भेळ तुझ्याकडंच. मग सहावीतला प्रकार निघाला. आज्जीच्या लोणच्याची बरणी कुणी फोडली होती. रणजित म्हणाला, तू. ती म्हणाली, मी जत्रेत होतो, पुरावा आहे, फोटो आहे. फोटोत ती होती खरी, पण तो फोटो दुसऱ्या वर्षीचा, असं त्याचं म्हणणं. मेणबत्ती अर्ध्यावर आली. आज्जी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती, टीव्हीकडं बघते तशी.

तेवढ्यात शेजारच्या भिंतीपलीकडून तबला आणि व्हायोलिन वाजलं. शेवटाला वाजतं तेच, नावं वर सरकताना.

"संपलं," रणजितनं कपाळावर हात मारला. "त्यांनी बघितलं. त्यांच्याकडं इन्व्हर्टर हाय वाटतं."

"विचारून येऊ?"

"पैज हाय. आज्जीसमोर, टीव्हीवर. उद्या दुपारी परत दाखवत्यात."

"उद्या मला ड्यूटी. तुला?"

"मलाबी. सेकंड शिफ्ट."

पल्लवी दुधाचा कप घेऊन बसली. दूध कोमट होतं, वर साय धरलेली. निम्मा कप झाल्यावर ती थांबली. रात्रीचं दूध आज्जी फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी तापवते, हे ती जन्मापासून बघत आलीय. आज ते लाईट जायच्या आधीच तापलं होतं. काड्यांची पेटी या घरात कधी एका हाकेत सापडलेली नाही. आज अर्ध्या मिनिटात मेणबत्ती उभी. आणि इन्व्हर्टर? शेजारच्या मावशी परवाच तर म्हणत होत्या, बॅटरी बसलीय, बदलायला नेलीय.

"हात धुवून येतो," ती म्हणाली आणि मोबाईलची बॅटरी लावून मागं गेली.

परड्याचं दार उघडलं तर बोळातल्या खांबावरचा दिवा लख्ख चालू. त्याच्या उजेडात पावसाच्या रेघा तिरप्या दिसत होत्या. पलीकडच्या माडीवर कुणाचा तरी पंखा फिरत होता.

ती तशीच वळून सोप्यात आली. मेन स्विचची लोखंडी पेटी कोपऱ्यात, चांगली उंचावर. दांडी खाली. आणि पेटीच्या बरोबर खाली, भिंतीला टेकवलेला, जेवायचा पाट. पितळी फुल्यांचा, आज्जीचा स्वतःचा, ज्यावर दुसरं कुणी बसलेलं तिला चालत नाही. आडवा नव्हे, उभा करून त्यावर पाय दिला असावा, कारण वरच्या कडेला ओल्या टाचेचा ठसा होता. पंच्याहत्तरीच्या बाईनं. उभ्या पाटावर. पल्लवीच्या पोटात आधी गोळा आला आणि मग हसू.

मालिका नऊला सुरू झाली तेव्हा जाहिरातीत रणजित म्हणाला होता, "चला, आज सुटलो. पुढच्या शनिवारपासनं क्रिकेट." ती म्हणाली होती, "मलाबी आता परीक्षेचं बघायला पायजे." त्यानंतर आज्जी पाणी प्यायला उठली ती दोन जाहिराती आलीच नव्हती.

आतून रणजितचा आवाज आला. "पले! तिकडं मेन बघ गं एकदा. असू दे आपलं, बघून ठेव."

तिनं हात वर केला. दांडीपर्यंत पोचत होता.

मग तिनं खाली वाकून पाट उचलला, ओढणीनं टाचेचा ठसा पुसला आणि स्वयंपाकघरात नेऊन बाकीच्या पाटांच्या मागं, त्याच्या जागी लावला.

"बघितलो," ती माजघरात येत म्हणाली. "मेन ठीक हाय. डीपीच उडालीया."

"मी काय सांगटलं!" रणजित परत आडवा झाला.

आज्जीनं पल्लवीकडं बघितलं. मेणबत्तीच्या उजेडात तिचा चष्मा नुसता चमकत होता, मागचं काही दिसेना.

"मग ते कोण मारलं, कधी कळायचं?" आज्जीनं विचारलं.

"पुढच्या शनिवारी बघू," पल्लवी म्हणाली. "रिचार्ज मारतो मी. सगळे तेरा भाग पहिल्यापासनं बघू, बाहुल्या, दिवा, सगळं. ह्याला थांबवून थांबवून दाखवतो."

"तेरा एका दिवसात कसं हुतील?" रणजित.

"एका दिवसात कोण म्हणालं?"

आज्जी उठली. गुडघ्यावर हात टेकून, एरवीपेक्षा जरा सावकाश.

"मटण आणून ठेवतो मग," ती म्हणाली. "आणि रंज्या, जाताना फ्रिजमधलं दही घेऊन जा. टिकायचं न्हाई ते."