विषय: मुलाखतीची तारीख बदलली – आता सोमवार, ३० मार्च २०२६

नमस्कार मृणाल,

शुक्रवार, २७ मार्चला ठरलेली तुमची मुलाखत आम्हाला पुढे ढकलावी लागत आहे. पॅनेलमधल्या तांत्रिक प्रमुखांना त्या दिवशी अचानक बाहेरगावी जावं लागणार आहे, आणि त्यांच्याशिवाय मुलाखत उरकणं तुमच्यावर अन्यायाचं झालं असतं. तुम्ही त्या दिवसासाठी रजा टाकली आहे हे मला ठाऊक आहे, त्यामुळे मनापासून दिलगिरी व्यक्त करते.

नवीन वेळ अशी:

सोमवार, ३० मार्च २०२६
दुपारी ३:३० ते ४:१५, भारतीय प्रमाणवेळ (UTC+5:30)
तुमच्याकडे लंडनमध्ये: सकाळी ११:०० ते ११:४५, ब्रिटिश उन्हाळी वेळ (UTC+1)

एका गोष्टीकडे जरूर लक्ष द्या. रविवारी, २९ मार्चला पहाटे ब्रिटनमधली घड्याळं एक तास पुढे जातात. आधीची मुलाखतही भारतात दुपारी साडेतीनलाच होती, पण तुमच्याकडे तेव्हा सकाळचे दहा वाजले असते. आता अकरा वाजतील. कॅलेंडरमध्ये जुनी नोंद असेल तर ती काढून टाका, नवं निमंत्रण आजच पाठवते आहे. व्हिडिओ कॉलची लिंक त्यातच असेल, जुनी लिंक चालणार नाही.

बाकी काही बदललेलं नाही, पॅनेलही तेच.

ही वेळ जमेल का, ते बुधवार, २५ मार्चला संध्याकाळी ६ वाजेपर्यंत (भारतीय वेळ) याच मेलला उत्तर देऊन कळवा. अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा. मंगळवारी, ३१ तारखेलाही याच वेळी पॅनेल मोकळं आहे.

आपली,
स्नेहल
मनुष्यबळ विभाग