आषाढी एकादशीनिमित्त भजनसंध्या

॥ जय जय राम कृष्ण हरी ॥

सोसायटीतील सर्व रहिवाशांस सप्रेम निमंत्रण

शनिवार, २५ जुलै २०२६ (आषाढ शुद्ध एकादशी, शके १९४८)
सायंकाळी ५.३० ते रात्री ९.३०
सोसायटीचे सभागृह, क इमारत, तळमजला, कोथरूड, पुणे

आषाढी एकादशीला पंढरपुरास जाणे ज्यांना कामामुळे, वयामुळे वा प्रकृतीमुळे जमत नाही, त्यांना निदान ती संध्याकाळ विठ्ठलाच्या नामात घालवता यावी, या हेतूने आपल्या सोसायटीच्या भजनी मंडळाने भजनसंध्येचे आयोजन केले आहे. गाणारे आणि वाजवणारे सगळे आपल्याच इमारतींतले असून ऐकणाऱ्यांनीही टाळ हातात घेऊन धृपदाला साथ द्यावी, अशी मंडळाची अपेक्षा आहे. टाळांचे वीस जोड मंडळाकडे आहेत. घरी असल्यास आपले आणावेत.

ठीक ५.३० वाजता गणपती मंदिरापासून मुलांची दिंडी निघेल आणि आवारात एक फेरी घेऊन सभागृहात येईल. पाऊस असल्यास फेरी न होता दिंडी क इमारतीच्या वाहनतळातूनच सभागृहात येईल; कार्यक्रम मात्र कोणत्याही परिस्थितीत रद्द होणार नाही. डोक्यावर घेण्यासाठी तुळशीची छोटी वृंदावने मंडळ देईल, वेशभूषा ऐच्छिक आहे.

सहा वाजता नामगजर आणि रूपाच्या अभंगांनी भजनास आरंभ होईल. त्यानंतर महिला गट संत जनाबाई, संत मुक्ताबाई आणि संत सोयराबाई यांच्या रचना काळी चारमध्ये, तर पुरुष गट संत ज्ञानेश्वर, संत नामदेव, संत चोखामेळा आणि संत तुकाराम यांचे अभंग काळी एकमध्ये सादर करेल. दोन्ही पट्ट्यांसाठी स्वतंत्र पखवाज ठेवले आहेत, कारण मागील वर्षी एकच पखवाज पुन्हा सुरात लावण्यात पाऊण तास गेला आणि गौळणी गाळाव्या लागल्या. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक ऐन वेळी लावावी लागते, म्हणून वादकांनी पाच वाजताच सभागृहात यावे, ही विनंती. यंदा गौळणी होतीलच, आणि त्यांच्यानंतर संत एकनाथांचे एक भारूड मुले सादर करतील. नऊ वाजता आरती, त्यानंतर पसायदान आणि मग प्रसाद होईल.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास कायद्याने मनाई आहे. आपल्या आवारात तो नऊ वाजताच बंद केला जाईल. लहान बाळे, आजारी माणसे आणि अभ्यास करणारी मुले घरोघरी आहेत, याचे भान ठेवून कर्ण्याचे तोंड सभागृहाच्या आत वळवलेले असेल.

प्रसादास उपवासाची साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी असतील. खिचडीत शेंगदाण्याचे कूट असते, तेव्हा ज्यांना शेंगदाणे चालत नाहीत त्यांनी आधी कळवल्यास त्यांच्यासाठी वेगळी भगर करता येईल. साबुदाणा आदल्या रात्री भिजवावा लागत असल्यामुळे प्रत्येक घरातून किती माणसे येणार, हे शुक्रवार, २४ जुलै रोजी दुपारी चारपर्यंत इंटरकॉमवर सांगावे. कार्यक्रमासाठी वर्गणी नाही. शिधा द्यावयाचा असल्यास शेंगदाणे, तूप किंवा गूळ स्वीकारला जाईल.

बैठक सतरंज्यांवर असून ज्येष्ठांसाठी भिंतीलगत तीस खुर्च्या मांडलेल्या असतील. त्या खुर्च्या तरुणांनी सोडाव्यात, हे लिहावे लागू नये. चपला सभागृहाच्या दारात न सोडता डाव्या हाताच्या मांडणीवर ठेवाव्यात आणि ओल्या छत्र्या बादलीत उभ्या कराव्यात. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचे नाव व सदनिका क्रमांक मुख्य फाटकावर आधी कळवावा. त्यांच्या गाड्यांना आत जागा नसल्यामुळे त्यांनी शक्यतो रिक्षाने यावे.

संपर्क (इंटरकॉमवर, सकाळी १० ते रात्री ८)

गायन व वादनात भाग घेण्यासाठी: सौ. कुलकर्णी, ब-३०४, इंटरकॉम २३०४
मुलांची दिंडी व भारूड: सौ. शिंदे, अ-१०२, इंटरकॉम ११०२
प्रसाद, शिधा व उपस्थितीची संख्या: श्री. गोखले, क-५०१, इंटरकॉम ३५०१
खुर्च्या, ज्येष्ठांना घरून आणणे व अन्य व्यवस्था: श्री. जाधव, ब-००३, इंटरकॉम २००३

भजनाचा सराव १३ जुलैपासून रविवार वगळून रोज रात्री ८ ते ९ या वेळेत याच सभागृहात होईल. अभंग पाठ नसले तरी चालेल, वह्या मंडळाकडे आहेत.

आपले नम्र,
भजनी मंडळ व सोसायटीची व्यवस्थापक समिती