अपठित उताऱ्याचा तास, दहावी ब, 35 मिनिटं

पहिली 5 मिनिटं फळ्यावर नुसतं गणित. मराठीचा पेपर 80 मार्कांचा, वेळ 3 तास म्हणजे 180 मिनिटं, एका मार्काला सव्वादोन. अपठितला 4 मार्क, म्हणून 9 मिनिटं. हे मुलांकडूनच काढून घ्यायचं, आपण सांगितलं तर डोक्यात राहत नाही. सहामाहीत आपल्याच वर्गातली कितीतरी पोरं इथे वीस-वीस मिनिटं अडकली आणि मग उपयोजित लेखनाचे 24 मार्क घाईत गेले, ते मला अजून सलतंय.

मग हा उतारा फळ्यावर:

"तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते. गोदावरी, कृष्णा पूर्वेकडे वाहतात, तापी मात्र पश्चिमेकडे. चांगदेवजवळ तिला पूर्णा येऊन मिळते. पुढे वाघूर, गिरणा, पांझरा तिच्यात येतात. शेवटी सुरतजवळ ती अरबी समुद्राला मिळते."

कृती 1. तापीला मिळणाऱ्या चार नद्यांचा आकृतिबंध पूर्ण करा. (2)
कृती 2. (अ) तापीचा प्रवास कुठे संपतो? (आ) तापी गोदावरीपेक्षा वेगळी कशी? (2)

आधी कृती वाचायच्या, उतारा नंतर. 1 मिनिट त्याला, 3 मिनिटं पेन्सिल हातात धरून उतारा, 4 मिनिटं लिहिणं, 1 मिनिट तपासणी.

खरा वेळ (15 मिनिटं तरी) कृती 2 ला द्यायचा, कारण "प्रवास" आणि "संपतो" हे शब्द उताऱ्यात कुठेच नाहीत. पोरं तोच शब्द शोधत बसतात आणि म्हणतात, "सर, सापडनं नही." तेव्हा विचारायचं, नदी संपते म्हणजे काय होतं रे? कोणीतरी "समुद्राला मिळते" म्हणेलच, मग बोट थेट शेवटच्या ओळीवर. (आ) साठी "मात्र"ला गोल करून घ्यायचा. मात्र, पण, म्हणून, कारण हे शब्द दिसले की तिथे थांबायचं, कारणाची नि फरकाची उत्तरं बहुतेकदा त्यांच्याच आजूबाजूला असतात.

कृती 1 मधे हमखास चूक होते, गोदावरी-कृष्णा पण नद्याच म्हणून चौकटीत जातात. प्रश्नातल्या "मिळणाऱ्या"खाली रेघ मारायला लावायची. आणि पूर्णा वेगळ्या वाक्यात आहे ती सुटते, चौकटी चार आणि नावं तीनच झाली तर परत एक ओळ वर जायचं, पूर्ण उतारा पहिल्यापासून वाचायचा नाही.

शेवटची 9 मिनिटं दुसरा उतारा, केळीच्या बागेवरचा, झेरॉक्स वाटून. घड्याळ भिंतीवरचंच, चौथ्या आणि आठव्या मिनिटाला मी फक्त मोठ्याने वेळ सांगणार. उत्तर अडलं तर जागा सोडून पुढे. मागच्या बाकावरच्या दोघांजवळ उभं राहायचंय, ते बोलत नाहीत पण पेन्सिल कुठे थांबते ते बघितलं की कळतं कुठे अडलेत. 6 मिनिटं हाताशी राहतात, ती त्यांच्यासाठीच.