लोकमान्य नगर, शाळेच्या फाटकासमोरचा झेब्रा: पाट्यांचा मजकूर

पेंटरकाका, वॉचमनकाका आणि पाट्या लावायला येणारे पालक, तिघांसाठी कागद हाच. ठळक ओळी पाटीवर जशाच्या तशा उतरवायच्या, बाकीचं आपल्यापुरतं. रक्त, कवटी, फोटोला हार, यमराज, तुटलेलं दप्तर यातलं काहीही काढायचं नाही. भेदरलेला माणूस चित्राकडे बघत बसतो. त्याने बघायचं ते झेब्र्याकडे.

चौकाकडून येताना पहिली पाटी, झेब्र्याच्या 70 मीटर आधी:

पुढे स्कूल
मूठ सैल करा

इथे "स्कूल"च लिहा. इंदुरात रिक्षावाले, सिटी बसवाले, व्हॅनवाले बहुतेक हिंदीच वाचतात. लिपी एकच असल्यामुळे आपली पाटी त्यांनाही कळते, पण शब्द दोन्हीकडचा हवा. "मूठ" दुचाकीवाल्याला लगेच कळतं, आणि या रस्त्यावर त्याच जास्त. पाटी 90 बाय 60 सेंटिमीटर, अक्षर 15 सेंटिमीटर उंच, पिवळ्यावर काळं. या मापाचं अक्षर 40 मीटरवरून आरामात वाचता येतं. ताशी 40 ने येणारी गाडी सेकंदाला 11 मीटर कापते, म्हणजे पाटीपर्यंत पोचायला साडेतीन सेकंद, आणि त्यात नजर समोरून काढायला एखादाच. म्हणून पाचच शब्द. सहावा कुणी सुचवला तर नाही म्हणा.

दुसरी पाटी 35 मीटरवर. हिला मधोमध बिजागरी, म्हणजे खालची फळी वर दुमडून कडीत अडकवता येते. उघडल्यावर दिसेल:

पोरं ओलांडतायत
ब्रेकवर बोटं

उघडायची वेळ सकाळी 7 ते 7.45 आणि दुपारी 12.15 ते 1. बाकी वेळ बंद. रविवारी रिकाम्या रस्त्यावर "पोरं ओलांडतायत" वाचणारा सोमवारीही पाटीवर विश्वास ठेवत नाही, मग ती भिंतीसारखी होते. वॉचमनकाका, फाटकाचं कुलूप आणि ही कडी एकाच वेळी.

पट्ट्यांच्या अलीकडे, डाव्या हाताच्या खांबावर तिसरी. आमच्या मते सगळ्या पाट्यांत कामाची हीच:

पुढची गाडी थांबलीये?
मग कुणीतरी ओलांडतंय.

इथली खरी भीती भरधाव गाडीपेक्षा थांबलेल्या व्हॅनच्या आडोशाची आहे. व्हॅन थांबते, मागचा वैतागून उजवीकडून काढतो, आणि व्हॅनच्या नाकापुढून नेमकं दुसरीतलं पोर बाहेर पडतं. त्या उंचीचं पोर व्हॅनच्या बॉनेटवरून दिसत नाही, आणि त्यालाही गाडी दिसत नाही. म्हणून थांब्याची रेघ पट्ट्यांना चिकटून न मारता दोन-तीन मीटर आधी मारा. मधली जागा रिकामी राहिली की बाजूने येणाऱ्याला पोराचे पाय तरी दिसतात. पट्टे 50 सेंटिमीटरचे, मधली जागाही तेवढीच.

रस्त्यावर मजकूर मारायचा तो एकच शब्द, स्कूल, तिप्पट लांब ताणून. गाडीतून तो तिरका दिसतो, ताणला नाही तर चपटा होतो. दोन ओळी मारूच नका. चालकाला जवळची ओळ आधी दिसते आणि वाचायची सवय वरून खाली, त्यामुळे वाक्य उलटं वाचलं जातं. शिवाय पावसात जाड रंगावर दुचाकी घसरते. रंगात बारीक खडी मिसळलेली असू द्या.

हॉर्नसाठी फाटकाशेजारच्या भिंतीवर वेगळी ओळ:

हॉर्नने पोर पळत नाही, दचकून उभं राहतं.
ब्रेकच दाबा.

आता लांब मजकूर. चालत्या गाडीला तो वाचता येत नाही, म्हणून जिथे माणूस उभा असतो तिथेच लावायचा: पालक स्कूटरवर वाट बघतात ती कडुलिंबाखालची जागा, आणि व्हॅनच्या मागच्या दारावर. अक्षर 4 सेंटिमीटरचं पुरे.

ताशी 20 : गाडी थांबायला 8 मीटर
ताशी 30 : 13 मीटर
ताशी 40 : 20 मीटर
हा रस्ता कोरडा असतानाचा हिशेब. पावसात 40 ला 25 च्या वर.
पहिला एक सेकंद तर ब्रेकवर हात जाण्यातच जातो.

तिथेच, थोडं खाली:

आपलं उतरलं. दुसऱ्याचं अजून ओलांडतंय.

हे सांगायला नको वाटतं, पण पोराला सोडून यू-टर्न मारणारे आपलेच असतात. झेब्र्यावर गाडी उभी करणारेही. त्यांच्यासाठी खांबाच्या बुंध्याशी, गुडघ्याच्या उंचीवर:

ही जागा पायांची. चाकं चार पावलं पुढे.

कोपऱ्यावरच्या पोह्याच्या गाडीवाल्याने एक पाटी स्वतःच मागितली आहे. तिथे गर्दी थांबते, म्हणून चेष्टा चालेल:

भिया, पोहे वाफेवर आहेत, थंड होत नाहीत.
झेब्र्यावर जरा थांबा.

"भिया"च ठेवा, "भाऊ" करू नका. बाहेरगावच्याला कळलं नाही तरी खालची ओळ कळते.

झेब्रा ओलांडल्यावर 15 मीटरवर शेवटची, हिरव्यावर पांढरी:

थांबलात. पोरं वेळेवर वर्गात.

जो थांबला नाही त्यालाही ती दिसेल. दिसू द्या.

उलट बाजूने, बागेकडून येणाऱ्यांसाठी पहिल्या तीन पाट्या तशाच, फक्त पहिली 70 ऐवजी 50 मीटरवर, कारण तिथे वळण आहे आणि त्याआधी लावली तर झाडाआड जाते. वळणावर गाडी तशीही हळू असते.

रंगवताना एक गोष्ट हात धरून बघायची. आपले पेंटर हिंदी अक्षरात मुरलेले, "ळ" दिसला की हात "ल" काढतो. "शाळा"ची "शाला" झाली तर वाचणारा समजून घेतो. पण "हळू"चं "हलू" झालं तर अर्थच हलतो. म्हणून वरच्या मजकुरात "हळू" कुठेही ठेवलेला नाही, आणि "ळ" फक्त "पळत" आणि "वेळेवर" या दोन शब्दांत आहे, तेवढे नीट बघा. उकारही शिरोरेषेच्या मापात कोंबायचे नाहीत. "पुढे"तला उकार कापला गेला की लांबून "पढे" दिसतं, आणि हिंदी वाचणारा तिथे भलतंच काही वाचतो. ओळींमध्ये अक्षराच्या अर्ध्या उंचीएवढी जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

टांगण्याआधी, लांब मजकुराच्या सोडून, प्रत्येक पाटी भिंतीला टेकवून 40 पावलांवरून रिक्षा स्टँडवरच्या कुणालाही वाचायला सांगा. अडखळला तर पाटी परत रंगात. आपण वाचून बघण्यात अर्थ नाही, आपल्याला मजकूर पाठ आहे.

रात्रीसाठी पहिल्या दोन पाट्यांवर चमकणारी पट्टी लागेल. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसायच्या, धुळीने पिवळा आधी मरतो. गणपतीच्या दिवसांत 70 मीटरवाल्या खांबावर मंडळांचे फ्लेक्स चढतात. ते मंडळाला सांगून, त्यांच्याच पोरांकडून बाजूच्या खांबावर हलवून घ्यायचे.