पूर्व-पात्रता अर्जासोबतचे निवेदन: दीड लाख लिटर क्षमतेचा उंच जलकुंभ, माण तालुका

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, जिल्हा परिषद, सातारा

महोदय,

आधी मुख्य मुद्दा. दीड लाख लिटरचा जलकुंभ आम्ही आजवर बांधलेला नाही. आमचा सर्वांत मोठा जलकुंभ एक लाख लिटरचा, १२ मीटर उंचीचा आहे. प्रस्तावित टाकीची उंची १५ मीटर आहे, म्हणजे आमच्यासाठी एक पायरी वरची. 'समान काम' ठरवताना हे विचारात घ्यावे.

गेल्या ५ वर्षांत ३ उंच जलकुंभ स्वतः पूर्ण केले:

१. खटाव तालुका, १ लाख लिटर, २०२३. मुदत १० महिने, लागले १४. उशीर आमचाच: सेंटरिंगचा एकच संच होता आणि तो दुसऱ्या कामावर अडकला. नियमानुसार दंड भरला.
२. फलटण तालुका, ७५ हजार लिटर, २०२२. वेळेत.
३. कोरेगाव तालुका, ५० हजार लिटर, २०२१. टाकी भरून ७ दिवस पाणी मुरू दिले. पुढच्या ७ दिवसांच्या निरीक्षणात आउटलेट पाइपच्या सांध्यापाशी ओल दिसली. टाकी रिकामी करून सांधा पुन्हा केला. दुसऱ्या चाचणीत बाहेरची बाजू कोरडी राहिली.

तिन्ही कामांचे पूर्णत्वाचे दाखले जोडले आहेत. उपठेक्यावर केलेली कामे यात धरलेली नाहीत.

सेंटरिंगचे दोन संच, दोन मिक्सर, चार व्हायब्रेटर आणि एक जेसीबी स्वतःच्या मालकीचे आहेत. क्रेन भाड्याने घेऊ, संमतिपत्र सोबत आहे. कायम कर्मचारी ११: एक स्थापत्य पदवीधर, दोन पदविकाधारक, बाकी मुकादम, फिटर आणि गवंडी. मजूर कामानुसार ३० ते ४०. पदवीधर अभियंता सध्या दुसऱ्या साइटवर आहे. ते काम डिसेंबरमध्ये संपते, त्याआधी कार्यादेश मिळाल्यास पदविकाधारक पूर्णवेळ राहील. तीन वर्षांची उलाढाल १.८६, १.४२ आणि २.०८ कोटी रुपये, सरासरी सुमारे १.७९ कोटी.

सुरक्षिततेबाबत: मृत्यू एकही नाही. पण जुलै २०२२ मध्ये फलटणच्या कामावर एक कामगार तीन मीटरवरून पडला आणि त्याचा हात मोडला. फळी ओली होती, तिला कठडा नव्हता. उपचाराचा खर्च आणि सहा आठवड्यांची मजुरी आम्ही दिली. तेव्हापासून परांचीवर कठडा आणि दोन मीटरच्या वर सेफ्टी बेल्ट सक्तीचा आहे. पावसात वरचे काम बंद ठेवतो, त्यामुळे दिवस वाया जातात. प्रस्तावित वेळापत्रकात तेवढे दिवस धरले आहेत. किरकोळ इजांची वही २०२१ पासूनच आहे, म्हणून त्याआधीचे आकडे दिलेले नाहीत.

काम चालू असलेल्या साइटवर पूर्वसूचना न देता पाहणी केल्यास हरकत नाही.

आपला विश्वासू,
अधिकृत भागीदार