मोठ्या नाक्याजवळ

पहाटे साडेपाचला मुंबई सेंट्रलच्या एसटी डेपोबाहेर एक म्हातारबाबा टॅक्सीत बसले. हातात कापडी पिशवी, दुसरं काही नाही.

"कुठं जायचं, आजोबा?"

"मोठ्या नाक्याजवळ."

"कुठल्या?"

"मोठ्या."

मुंबईत ज्याचा त्याचा नाका मोठा असतो. मीटर टाकला आणि जवळचा म्हणून सात रस्त्याला नेलं. सात वाटा फुटतात, यापेक्षा मोठा कुठला असणार? त्यांनी काचेतून पाहिलं. "हा नव्हे."

मग लालबाग. पुलावर न चढता खालून गेलो, कारण नाका असतो तो खालीच. भारतमाता थिएटरपाशी गाडी हळू केली. त्यांनी मान हलवली.

मीटर पळत होता आणि मला ते बरं वाटेना. गाडी बाजूला घेतली, मीटर थांबवला. नाव आठवत नसलेल्या माणसाला नाव विचारून काय मिळणार? म्हणून वेगळं विचारलं, "आजोबा, तिथं तुम्ही काय करायचात?"

"डबा घेऊन उभा राहायचो. वडील ट्रामवर कंडक्टर. आई बजावायची, मोठ्या नाक्याजवळ उभा राहा, रस्ता ओलांडू नकोस."

"ट्राम तिथून पुढं कुठं जायची?"

"पुढं कुठं? तिथंच संपायची. तिथून परत फिरायची."

परळ टीटी की दादर टीटी, एवढंच उरलं. दिवसाला दहा वेळा आम्ही टीटी, टीटी म्हणतो. त्यातला एक टी ट्रामचा आहे, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नाक्यावर गोल बाग होती का? भोवती दगडी इमारती?"

ते पुढं सरकून बसले. "इमारतींच्या सावलीतच तर उभा असायचो."

म्हणजे दादर टीटीचं खोदादाद सर्कल. हिंदमाता मागं टाकलं, दादरच्या पुलावरही न चढता खालून गेलो. ते वळणाऱ्या इमारती दिसल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांब, बाबा."

उतरून पिशवी उघडली. आत पितळी डबा होता, दोन पुडांचा.

"शेवटची ट्राम रात्री आली. ३१ मार्च १९६४. बोरीबंदरहून. एवढी गर्दी, की मी डबा घेऊन मागंच राहिलो. वडील दिसलेच नाहीत. ते दुसऱ्या वाटेनं घरी गेले आणि उपाशी झोपले."

लालबागपर्यंतचे पैसे घेतले. ते म्हणाले, पुढचेही घे. मी नाही घेतले.

"ट्राम कुठल्या बाजूनं यायची रे? आता सगळं उलटंसुलटं वाटतंय."

मी परळच्या दिशेला हात केला. ते फुटपाथच्या कडेला गेले, डबा दोन्ही हातांत धरला आणि तिकडं तोंड करून उभे राहिले.