पगारावरचा कर: एक उदाहरण, दोन उत्तरे

आर्थिक वर्ष २०२५-२६. स्नेहा पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी करते, वय ३४. वर्षाचे मूळ वेतन ७,२०,००० रुपये, महागाई भत्ता १,२०,००० (निवृत्तीच्या लाभांसाठी धरला जाणारा), घरभाडे भत्ता २,८८,००० आणि विशेष भत्ता ३,१२,०००. एकूण १४,४०,०००. घराचे भाडे ती महिन्याला २०,००० भरते.

आधी जुनी करप्रणाली घेऊ. सर्वांत जास्त मार्क जातात ते घरभाडे भत्त्यात, म्हणून इथे घाई नको. तीन रकमा काढायच्या: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता २,८८,०००, मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, म्हणजे ८,४०,००० चे ४० टक्के, ३,३६,०००, आणि भरलेल्या भाड्यातून (२,४०,०००) त्याच ८,४०,००० चे १० टक्के वजा करून उरणारे १,५६,०००. यांतली सर्वांत लहान रक्कम करमुक्त. पुणे कितीही मोठे झाले तरी या वर्षासाठी ४० ऐवजी ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईलाच लागू आहेत.

१४,४०,००० मधून १,५६,००० गेले, उरले १२,८४,०००. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० वजा केले की पगाराचे उत्पन्न १२,३१,५००. लक्षात घ्या, कलम ८०सी अजून आलेलेच नाही. ते एकूण उत्पन्नातून वजा होते, पगाराच्या शीर्षात नाही. स्नेहाचा पीएफ १,००,८०० आणि पीपीएफ ६०,००० मिळून १,६०,८०० होतात, पण मर्यादा १,५०,००० ची. ८०डी खाली आरोग्य विम्याचा हप्ता २१,५००. करपात्र उत्पन्न १०,६०,०००.

आता स्लॅब. 'दहा लाखांच्या वर गेली, म्हणजे सगळ्यावर ३० टक्के' असे लिहू नका. प्रत्येक दर फक्त त्याच्या टप्प्यात पडणाऱ्या रकमेला लागतो. पहिल्या २,५०,००० वर शून्य, पुढच्या २,५०,००० वर ५ टक्क्यांनी १२,५००, त्यापुढच्या ५,००,००० वर २० टक्क्यांनी १,००,०००. ३० टक्के लागतात ते केवळ वरच्या ६०,००० ला: १८,०००. बेरीज १,३०,५००, त्यावर ४ टक्के उपकर ५,२२०. एकूण १,३५,७२०.

नव्या प्रणालीत घरभाडे, व्यवसाय कर, ८०सी, ८०डी यांपैकी काहीच मिळत नाही. फक्त स्टँडर्ड डिडक्शन, तेही ७५,०००. करपात्र उत्पन्न १३,६५,०००. चार लाखांपर्यंत शून्य, आठपर्यंत ५ टक्क्यांनी २०,०००, बारापर्यंत १० टक्क्यांनी ४०,०००, उरलेल्या १,६५,००० वर १५ टक्क्यांनी २४,७५०. उत्पन्न १२ लाखांच्या पुढे असल्याने कलम ८७ए ची सूट नाही. कर ८४,७५०, उपकर ३,३९०, एकूण ८८,१४०. म्हणजे ४७,५८० रुपये कमी.

पण यावरून नवीच प्रणाली नेहमी स्वस्त, असे समजू नका. समजा, सोलापूरला आईवडील राहतात त्या स्वतःच्या घराच्या कर्जावर स्नेहा वर्षाला २,००,००० रुपये व्याज भरते. जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ८,६०,००० वर येते, उपकरासह कर ८७,८८०. आता जुनी प्रणाली २६० रुपयांनी स्वस्त.